डिपॉझिट अडकलंय? कोर्टाच्या आधी मधे माणूस कसा घालायचा

घर सोडलं, चाव्या दिल्या, आणि आठ दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर वजावटीची यादी आली. आमची अशी होती: पेंटिंग 24,000, डीप क्लीनिंग 4,500, चिमणी रिपेअर 3,800, किचन ट्रॉली 6,500, नोटीस कमी दिली म्हणून एक महिन्याचं भाडं 18,500. बेरीज 57,300. डिपॉझिट होतं 80,000, म्हणजे हातात येणार 22,700. खाली हात जोडलेला इमोजी.

पुण्यात, सहकारनगरला, दोनदा अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट करून बावीस महिने राहिलो होतो आम्ही. घरमालक काका-काकू चांगले, दिवाळीला फराळ वगैरे यायचा, म्हणूनच ती यादी जास्त लागली. पहिला विचार तोच जो सगळ्यांचा असतो, वकिलाची नोटीस ठोकू. ओळखीच्या एका वकिलाला फोन केला तर तो म्हणाला नोटीस आज देतो, पण नोटिशीनंतर काका फोन उचलणार नाहीत, त्यांचा वकील बोलेल, मग पुढे दावा, तारखा, आणि तू भांडतोयस चाळीस-पंचेचाळीस हजारासाठी. दोघांना मान्य असा कोणी माणूस असेल तर आधी त्याला मधे घाल, नोटीस कुठे पळून जात नाही.

आता मधे माणूस घालणं म्हणजे आपल्याकडे काही नवीन नाही, लग्नाच्या देण्याघेण्यापासून बांधाच्या भांडणापर्यंत सगळीकडे चालतं. पण डिपॉझिटच्या बाबतीत ते नीट केलं नाही तर पैसे पण जातात आणि नंतर कोर्टात आपलीच बाजू लंगडी पडते. म्हणून जे केलं, आणि जे करता करता वाचलो, ते इथे सविस्तर लिहितोय.

आधी कोर्टाचं थोडक्यात, कारण ते माहीत नसेल तर मध्यस्थीची किंमत कळत नाही. पोलीस चौकीत गेलात तर बहुतेक वेळा ऐकायला मिळतं की हे दिवाणी मॅटर आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 मध्ये लीव्ह अँड लायसन्ससाठी जो सक्षम प्राधिकारी आहे तो घरमालकाला जागेचा ताबा लवकर परत मिळावा म्हणून आहे, भाडेकरूचं डिपॉझिट काढून द्यायला नाही. म्हणजे आपल्याला उरतो पैशाच्या वसुलीचा दावा. तो लावायला साधारण तीन वर्षांची मुदत असते, आणि इथे एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, ‘बोलणी चालू आहेत’ एवढ्यावर ती मुदत थांबत नाही. कोणी काका-मामा मधे बसलेत म्हणून घड्याळ थांबलंय असं समजून दोन-अडीच वर्षं घालवाल आणि मग हात चोळत बसाल.

दुसरं म्हणजे ताबा. बरेच जण सांगतात, डिपॉझिट हातात येईपर्यंत चावी देऊच नको. ऐकायला मर्दानी वाटतं, पण त्याच 1999 च्या कायद्याच्या कलम 24 मध्ये आहे की लायसन्सची मुदत संपल्यावर ताबा दिला नाही तर दुप्पट दराने नुकसानभरपाई लागते. अडीच महिने चावी अडवून बसलात आणि दुप्पट दर लागला तर अख्खं डिपॉझिट त्यातच जाईल. आम्ही चावी दिली, पण चावी देताना काकूंकडून एका कागदावर ‘तीन चाव्या मिळाल्या, जागा रिकामी मिळाली, मीटर रीडिंग अमुक’ एवढं लिहून तारखेसकट सही घेतली आणि प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढला. हे दोन्ही नंतर फार कामाला आलं.

आता माणूस कोण निवडायचा. इथेच बहुतेकांचं चुकतं. पहिलं नाव डोक्यात येतं ते एजंटचं, कारण दोघांना तोच ओळखतो. पण एजंटला त्याच घरात पुढचा भाडेकरू बसवून दलाली घ्यायचीय, तो काकांना दुखावेल कशाला. सोसायटीचा चेअरमन? काका सोसायटीचे सभासद, आपण निघून गेलेले, आणि चेअरमनला पुढच्या मीटिंगला काकांचं मत लागणार. नगरसेवक किंवा त्याचा कार्यकर्ता तर अजिबात नको, ती मध्यस्थी राहत नाही, दबाव होतो, आणि समोरचा उद्या म्हणू शकतो की मला धमकावून सही घेतली. ज्याने दोघांपैकी एकाकडून उसने पैसे घेतलेत किंवा जो एकाकडे नोकरीला आहे तोही नको.

मी जी कसोटी लावली ती अशी, की ज्याच्यासमोर खोटं बोलायला काकांना लाज वाटेल आणि तेवढीच मलाही वाटेल. पुढच्या गल्लीत एक रिटायर्ड गणिताचे सर राहतात. काकांच्या मुलाला त्यांनी दहावीला शिकवलेलं, आणि मी दर रविवारी त्यांच्याबरोबर तळजाईला चालायला जातो. घराच्या व्यवहारात त्यांचा एक रुपयाचा संबंध नाही. बास.

पण सरांकडे जाऊन आधी आपली सगळी रडकथा सांगायची नाही. माझं तिथे चुकणारच होतं, रविवारी टेकडी चढता चढता मी सुरुवात केलीच होती की सर बघा ना काकांनी काय केलंय, तर बायकोने आदल्या रात्री सांगितलेलं आठवलं, की आधी तूच सगळं सांगितलंस तर ते तुझा माणूस झाले, काकांना तसंच वाटणार. म्हणून एवढंच म्हणालो, सर, काकांचा आणि माझा डिपॉझिटच्या हिशोबावर मतभेद आहे, दोघं तुमच्यासमोर बसलो तर तुम्ही ऐकून घ्याल का, हिशोब आत्ता सांगत नाही, तुम्हाला दोघांचा एकदमच कळू दे. सर म्हणाले, “काका हो म्हणाले तर बसू. पण मी निकाल-बिकाल देणार नाही हां, उगाच दोन घरांशी संबंध बिघडायचे.”

सर हे सहज बोलून गेले, पण कायद्याच्या दृष्टीने नेमकं हेच महत्त्वाचं आहे. मध्यस्थ आणि लवाद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मध्यस्थ दोघांना बोलतं करतो, हिशोब सोडवायला मदत करतो, पण दोघांनी मान्य केलं तरच तडजोड होते. लवाद म्हणजे दोघांनी लेखी कबूल केलेलं असतं की हा माणूस जो निर्णय देईल तो आम्हाला बंधनकारक, आणि मग तो निर्णय पटला नाही तरी त्यातून बाहेर पडणं अवघड असतं. असा लेखी करार मेसेजच्या देवाणघेवाणीतूनही होऊ शकतो. म्हणून ‘सर सांगतील ते मान्य’ असं भावनेच्या भरात व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. बोलायला छान वाटतं, पण उद्या सरांनी अर्धे-अर्धे करा म्हटलं तर तुमचाच मेसेज तुमच्यासमोर येईल.

मग काकांना मेसेज. तीन वेळा लिहून खोडला. पहिल्या ड्राफ्टमध्ये ‘नाहीतर मला कायदेशीर मार्ग घ्यावा लागेल’ होतं, ते काढलं, कारण ते वाक्य वाचलं की माणूस बाकीचं वाचतच नाही. शेवटी गेला तो असा:

“नमस्कार काका. तुम्ही पाठवलेली यादी मिळाली. त्यातल्या काही गोष्टी मला पटतात, काहींवर माझं वेगळं मत आहे. फोनवर बोलून आपला दोघांचा आवाज चढतो, तसं व्हायला नको. तुमची हरकत नसेल तर सरांसमोर एकदा बसूया का? त्यांना मी हिशोब सांगितलेला नाही, फक्त वेळ देतील का एवढं विचारलंय. ते निर्णय देणार नाहीत, आपल्या दोघांना पटलं तरच पुढे. दुसरं कोणी तुम्हाला योग्य वाटत असेल तर तेही सांगा. तिथे जे बोलणं होईल ते फक्त तडजोडीसाठी, पुढे कुठे पुरावा म्हणून कोणी वापरायचं नाही असं ठरवूया. येत्या 15 तारखेपर्यंत बसलो तर बरं होईल. काकूंना नमस्कार.”

यातल्या तीन वाक्यांसाठी मी विशेष डोकं लावलं. ‘दुसरं कोणी असेल तर सांगा’ हे असं, की त्यामुळे माणूस आपण लादलेला राहत नाही. काकांनी दुसरं नाव सुचवलं असतं तर मी त्यालाही तीच कसोटी लावली असती. तारीख टाकली ती मुदतीसाठी, नाहीतर ‘बघू, गणपती होऊ दे’ मध्ये सहा महिने जातात. आणि पुरावा म्हणून न वापरण्याचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 21 मध्ये तरतूद आहे की दिवाणी प्रकरणात एखादी कबुली ‘हिचा पुरावा द्यायचा नाही’ अशा स्पष्ट अटीवर दिली असेल, किंवा तसं दोघांचं ठरलं होतं असं परिस्थितीवरून कोर्टाला दिसत असेल, तर ती कबुली ग्राह्य धरत नाहीत. वकील लोक पत्रावर ‘विदाऊट प्रेज्युडिस’ लिहितात ते यासाठीच. हे आधी ठरवलं नाही आणि बसल्यावर तुम्ही मोकळेपणाने म्हणालात की हो, भिंत आमच्यामुळेच खराब झाली, आणि तडजोड फिसकटली, तर तेच वाक्य पुढे तुमच्याविरुद्ध वापरायला बघतील. हे उलट्या बाजूनेही लागू आहे, काकांनी तिथे काही कबूल केलं तर तुम्ही गुपचूप रेकॉर्डिंग करून नंतर फुशारकी मारायची नाही.

काकांचं उत्तर दोन दिवसांनी आलं. “ठीक आहे. रविवारी 5 ला.” इमोजी नाही.

बसायच्या आधी आपला हिशोब स्वतःशी खरा करून घ्यायचा, आणि खरा म्हणजे आपल्या विरुद्धचाही. मी अ‍ॅग्रीमेंट काढून वाचलं. सही करताना कोण वाचतं, एजंट बायोमेट्रिक मशीन घेऊन घरी येतो, अंगठा लावला की झालं. त्यात लिहिलं होतं की डिपॉझिट बिनव्याजी, जागेचा ताबा देतेवेळी, थकबाकी आणि ‘नैसर्गिक झीज सोडून’ झालेलं नुकसान वजा करून परत द्यायचं. अख्ख्या भांडणाची किल्ली या ‘नैसर्गिक झीज’ मध्ये आहे. दोन वर्षांत रंग फिका होणं, दरवाज्याच्या मुठीजवळ मळणं, खिडकीशी पोपडे येणं, ही झीज. पोरीने स्केचपेनने बेडरूमच्या भिंतीवर काढलेलं हत्तीचं कुटुंब, हे नुकसान. टीव्हीसाठी ड्रिल मारून पाडलेली चार भोकं, हेही नुकसानच, काकांना विचारलं नव्हतं.

नोटीस एक महिन्याची हवी होती. मी 12 तारखेला कळवलं आणि 31 ला घर सोडलं, म्हणजे 19 दिवस झाले, 11 दिवस कमी पडले. 18,500 भागिले 30 गुणिले 11, साधारण 6,800. पूर्ण महिन्याचं भाडं नाही, पण शून्यही नाही. महावितरणचं शेवटचं बिल 1,140 माझ्याकडे होतं, जे काका यादीत घालायलाच विसरले होते. ते मी स्वतःहून घातलं. बायको म्हणाली कशाला, मी म्हटलं बघ तर. ट्रॉलीचं एक चॅनेल तुटलेलं, ओळखीच्या सुताराने फोटो बघून 1,800 सांगितले. बेडरूमची एक भिंत रंगवायचे पेंटरने 3,000 सांगितले. माझ्या हिशोबाने परत यायला हवे होते 67,260. काकांच्या हिशोबाने 22,700. मधलं अंतर 44,560.

रविवारी सरांच्या हॉलमध्ये बसलो. काका, काकू, मी, बायको. चहा झाला, पाच मिनिटं पावसावर गेली. मग सरांनी वही काढली, चक्क वही, आणि दोन रकाने आखले. ते म्हणाले, “एकूण आकड्यावर कोणी बोलायचं नाही. एकेक बाब घ्यायची.”

हे किती महत्त्वाचं आहे ते तेव्हा कळलं. आपल्याकडे मधला माणूस थकला की म्हणतो, जाऊ द्या, फिफ्टी-फिफ्टी करा. म्हणजे ज्याने यादी फुगवली तो जिंकला. काकांची 22,700 आणि माझी 67,260, अर्धा रस्ता केला तर 44,980 होतात. मी सुरुवातीलाच खरी वजावट मांडली होती आणि त्यांनी महिन्याचं भाडं, नवीन रंग सगळं धरलं होतं, तर अर्ध्यावर येण्यात माझ्या खरेपणाचा दंड मलाच बसला असता. तुमचा मधला माणूस एकूण आकड्याकडे सरकायला लागला की तिथेच नम्रपणे म्हणायचं, आपण एकेक बाब बघूया का.

लाइट बिलापासून सुरुवात झाली. मी म्हटलं काका, हे तुमच्या यादीत राहिलंय, 1,140 माझ्याकडे. काकूंनी काकांकडे बघितलं. त्या 1,140 रुपयांनी खोलीतली हवा बदलली, खरंच सांगतो. नोटिशीवर फार वेळ लागला नाही, सरांनी दिवस मोजले, 11 आले, काका म्हणाले बरं, तेवढ्याच दिवसांचं धरा. ट्रॉलीवर सुताराच्या 1,800 वर काका म्हणाले त्या भावात हल्ली कोण येतो, मजुरी धरून 2,500 ठरले. चिमणीवर सरांनी विचारलं किती वर्षांची आहे. काकू पटकन म्हणाल्या, नऊ वर्षं झाली असतील की. नऊ वर्षं चाललेली मोटर गेली तर ते कोणाचं नुकसान नव्हे, यावर काकांनाही काही बोलता आलं नाही, चिमणी शून्य. क्लीनिंगवर आमचा व्हिडिओ दाखवला, घर झाडून पुसून दिलेलं दिसत होतं, पण बाथरूमच्या टाइल्स पिवळ्या होत्या हे मीही नाकारलं नाही. 2,000.

अडलं ते पेंटिंगवर. काका 24,000 वरून हलेनात. सरांनी विचारलं, हे बिल आहे की कोटेशन? कोटेशन होतं, अख्ख्या घराचं, प्लास्टिक पेंटचं. आम्ही राहायला आलो तेव्हा भिंतींना ऑइलबाँड होता आणि तोही आधीच दोन वर्षं जुना. म्हणजे चार वर्षं जुन्या साध्या रंगाच्या जागी नवा भारी रंग आमच्या पैशातून. मी हे बोलायला तोंड उघडलं आणि आवाज चढला, काकांचाही चढला, ‘माझं घर आहे’ वगैरे सुरू झालं.

सर म्हणाले, “थांबा. काका, तुम्ही जरा आत या माझ्याबरोबर.” पंधरा मिनिटं दोघं आत. काकू आमच्याशी पोरीच्या शाळेबद्दल बोलत बसल्या, अवघडल्यासारखं झालं सगळ्यांना. बाहेर आल्यावर सर मला गॅलरीत घेऊन गेले आणि म्हणाले, “काकांच्या परवानगीने सांगतोय. तुझं डिपॉझिट आत्ता त्यांच्याकडे नाहीये. घरातल्या एका आजारपणात खर्च झालं. नवीन भाडेकरू पुढच्या महिन्यात येतोय, त्याचं डिपॉझिट आलं की ते देऊ शकतात. तुला दोन हप्ते चालतील का?”

तर हे असं असतं. बऱ्याच डिपॉझिटच्या भांडणात रंग आणि टाइल्स वरवरच्या असतात, खरी अडचण ही की पैसे बाजूला ठेवलेलेच नसतात. आणि हे कोणताही घरमालक भाडेकरूच्या तोंडावर सांगणार नाही, वकिलाच्या नोटिशीला उत्तर देताना तर नाहीच नाही, तिथे तो यादीच वाढवेल. ते बाहेर काढायला दोघांशी वेगवेगळं बोलू शकणारा माणूस लागतो. मात्र वेगळ्या खोलीत ऐकलेलं ‘हे सांगू का’ असं विचारूनच पुढे न्यायचं, हे पथ्य सरांनी पाळलं. तुमचा मधला माणूस हे पाळत नसेल, म्हणजे आत ऐकलेलं बाहेर येऊन सगळ्यांसमोर बोलत असेल, तर त्याच दिवशी चहा पिऊन उठा.

मी दोन हप्त्यांना हो म्हटलं आणि काकांचा सूरच बदलला. पेंटिंगमध्ये स्केचपेनची भिंत, टीव्हीची भिंत आणि त्या दोन भिंतींमुळे बाकीच्यांशी रंग जुळणार नाही म्हणून थोडं वरचं, असं करून 9,000 वर आलो. मला 9,000 जास्तच वाटले, आजही वाटतात. पण बेरीज केली, 9,000 अधिक 2,000 अधिक 2,500 अधिक 6,800 अधिक 1,140, झाले 21,440. डिपॉझिटमधून वजा जाता 58,560, वरचे 60 मी सोडले. 58,500. त्यातले 30,000 त्याच दिवशी, उरलेले 28,500 पुढच्या महिन्याच्या 10 तारखेच्या चेकने.

इथे सगळे खूश होतात, पेढा खातात, आणि काही लिहीत नाहीत. तिथेच घोटाळा होतो. तोंडी ठरलेलं सुद्धा करारच असतो, पण सिद्ध कसं करणार, सरांना कोर्टात साक्षीला उभं करणार का? आम्ही 500 च्या स्टॅम्पवर एक पान मराठीत लिहून घेतलं. त्यात घराचा पत्ता आणि अ‍ॅग्रीमेंटची तारीख, ताबा कधी दिला, बाबनिहाय वजावट, राहिलेली रक्कम, ती कधी आणि कशी द्यायची, चेक नंबर, आणि मग मुख्य दोन वाक्यं. एक, चेक वटल्यानंतरच दोघांची एकमेकांवर काही मागणी राहणार नाही. दोन, चेक वटला नाही तर ही सूट रद्द समजायची आणि भाडेकरूची मूळ मागणी कायम राहील, मिळालेले 30,000 त्यातून वजा धरून. सह्या दोघांच्या, साक्षीदार म्हणून सर आणि काकू.

पहिल्या वाक्यातला ‘वटल्यानंतरच’ हा शब्द काढू देऊ नका. बरेच जण अर्धे पैसे हातात आले की ‘फुल अँड फायनल’ वर सही करून टाकतात, मग उरलेले मागायला गेलं की समोरचा तोच कागद दाखवतो. कमी रक्कम घेऊन पूर्ण फेड मान्य करणं आपल्या करार कायद्याला चालतं, कलम 63 मध्ये आहे ते, त्यामुळे सही कशावर करतोय ते दोनदा वाचा. चेकचं म्हणाल तर तो बाउन्स झाला की निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम 138 चा रस्ता उघडतो, म्हणजे बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे आले नाहीत तर त्यापुढच्या एका महिन्यात तक्रार. नुसत्या ‘10 तारखेला जीपे करतो’ पेक्षा चेक म्हणून बरा.

आता खाचखळगा. असा कागद म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा नव्हे. काका फिरले असते तर मला या कागदाच्या जोरावर दावा करावा लागला असता, फक्त तो दावा सोपा असता कारण रक्कम कबूल झालेली. 2023 साली संसदेने मध्यस्थी कायदा मंजूर केला, त्यात मध्यस्थाने प्रमाणित केलेल्या लेखी तडजोडीला हुकूमनाम्यासारखं बळ देण्याची तरतूद आहे, पण तो कायदा टप्प्याटप्प्याने लागू करायचं धोरण ठेवलं गेलं, तेव्हा ओळखीच्या सरांसमोर केलेल्या कागदाला आपोआप ते बळ आलंय असं धरून चालू नका, वकिलाला विचारा.

ते बळ हवंच असेल तर जुना आणि मळलेला रस्ता लोकअदालतीचा. दावा दाखल न करता, ज्याला दाखलपूर्व प्रकरण म्हणतात, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, पुण्यात त्यांचं ऑफिस शिवाजीनगर कोर्टात आहे. सरांच्या हॉलमध्ये ठरलेली तडजोड दोघांनी तिथे जाऊन नोंदवली की लोकअदालतीचा जो निवाडा होतो तो दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. मी हे केलं नाही, कारण निम्म्याहून जास्त पैसे त्याच संध्याकाळी आले होते आणि काकांना कोर्टाच्या आवारात यायला लावलं असतं तर सगळंच फिसकटलं असतं असं मला वाटलं. पण मुंबईत हेवी डिपॉझिटवर राहणाऱ्यांचे लाखात पैसे असतात, आणि ते हप्त्यांनी परत घ्यायची वेळ आली तर साध्या स्टॅम्पवर थांबू नका, लोकअदालतीत नोंदवा.

सगळीकडे हे चालतं असंही नाही. मालक परदेशात आणि व्यवहार सगळा केअरटेकरकडे असेल, किंवा मालक शिव्या-धमक्यांवर आलेला असेल, तर मधल्या बिचाऱ्या माणसाला त्यात ओढू नका. आणि चालढकल ओळखायची खूण सोपी आहे, मालक भेटायला तयार असतो पण बिल, कोटेशन, काहीच कागद आणत नाही आणि दर वेळी यादीत एक नवीन बाब निघते. दोन बैठका अशा गेल्या की थांबा.

आमच्या मेसेजला 15 तारखेपर्यंत उत्तर आलं नसतं तर 16 ला वकिलाची नोटीस जाणार होती, ती तयारच ठेवली होती. त्यात अ‍ॅग्रीमेंट, ताब्याचा कागद, व्हिडिओ आणि मी भेटून मिटवायचा प्रस्ताव दिला होता एवढंच लिहिलेलं होतं. बसलो असतो आणि फिसकटलं असतं, तर बैठकीत कोण काय बोललं यातलं एक अक्षर त्यात घालायचं नव्हतं, वकिलाने स्वतःच सांगितलं होतं. 10 तारखेचा चेक 12 ला वटला. नोटिशीच्या ड्राफ्टचे वकिलाने 1,500 घेतलेच.